फॉलोचं बटण पुन्हा निळं होतं तेव्हा: इन्स्टाग्रामचा तात्पुरता ब्लॉक कशाने लागतो आणि किती दिवस राहतो

गणेश चवथीला तेरा दिवस उरले होते. गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास डिचोलीहून वहिनीचा फोन. "अरे, माझं इन्स्टा बंद पडलं. आतां कितें करप?"

खातं बंद पडलेलं नव्हतं. स्टोरी जात होती, मेसेज जात-येत होते, नेवऱ्यांचा फोटोसुद्धा टाकता येत होता. पण कुणाला फॉलो करायला गेलं की बटण क्षणभर करडं व्हायचं, ‘Following’ दाखवायचं, आणि लगेच परत निळं होऊन ‘Follow’ वर यायचं. तीनचार वेळा असं झाल्यावर ‘Try Again Later’ अशी चौकट आली. खाली एक ओळ, आम्ही काही हालचालींवर मर्यादा घालतो अशा अर्थाची, आणि दोन बटणं: ‘Tell us’ आणि ‘OK’.

म्हापशात माझं छपाईचं दुकान आहे. पत्रिका, बॅनर, मेनू कार्डं. त्याच गिऱ्हाइकांपैकी काहींची इन्स्टाग्राम पानंही मी बघतो, त्यामुळे हा फोन मला नवा नाही. चवथीआधी फराळवाल्यांचा येतो, नोव्हेंबर उजाडला की होमस्टेवाल्यांचा. प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो की हे किती वेळ राहणार. त्याचं उत्तर ब्लॉक कशामुळे लागला यावर ठरतं, म्हणून आधी वहिनीने त्या संध्याकाळी काय केलं ते बघू.

त्या संध्याकाळचा हिशेब

फराळाचं खातं तीन आठवड्यांचं होतं. फॉलोअर एकशेचाळीसच्या आसपास, आणि ते बहुतेक नात्यातले. कुणीतरी सांगितलं की दुसऱ्या एखाद्या मोठ्या खाद्यपदार्थांच्या पानाची फॉलोअरची यादी उघडायची आणि वरून खाली एकेकाला फॉलो करत जायचं. दहांतले दोघे तरी उलट फॉलो करतात. वहिनी जेवणं उरकून नऊला बसली. पुढल्या अर्ध्या तासात तिने शंभराच्या वर लोकांना फॉलो केलं. आकडा तिने मोजला नव्हता, तो मी नंतर तिच्या ‘Following’ यादीवरून काढला. म्हणजे दर पंधरावीस सेकंदांना एक, एकाच यादीतून, ओळीने, आणि मध्ये एकाचंही प्रोफाइल उघडून न बघता.

फॉलो अडलं तशी ती लाइककडे वळली. यादीतल्या लोकांचे फोटो उघडून पटापट हार्ट. मग कमेंट: "चवथीच्या ऑर्डरी सुरू! नेवऱ्या, लाडू, चकल्या. मेसेज करा." ही ओळ एकदा लिहून कॉपी केली आणि पंचवीसेक फोटोंखाली चिकटवली. थोड्या वेळाने कमेंटही जाईना, आणि मग लाइकही. प्रत्येक वेळी चौकट आली की ‘OK’ दाबून तिने परत प्रयत्न केला. मला फोन करेपर्यंत तिन्ही दारं बंद झाली होती.

"शनिवारी दुकान बंद करून येतो, तोवर कशाला हात लावू नकोस," असं मी फोनवर सांगितलं. ते पाळलं गेलं नाही, त्याची गोष्ट पुढे.

यंत्रणा काय बघते

रोज किती फॉलो चालतात याचा आकडा इन्स्टाग्राम जाहीर करत नाही. तासाला साठ, दिवसाला दोनशे असे आकडे लोक एकमेकांना सांगत असतात. ते अंदाज आहेत, आणि त्यांवर विसंबून नेमकं एकोणसाठावर थांबणारे लोकही अडकलेले मी पाहिलेत. एक मर्यादा मात्र कंपनीने स्वतः सांगितलेली आहे: एक खातं एकूण 7,500 पेक्षा जास्त खात्यांना फॉलो करू शकत नाही. पण ती कायमची मर्यादा झाली, तात्पुरता ब्लॉक नव्हे.

तात्पुरत्या ब्लॉकमागे एकच आकडा नसतो. वेग, त्या खात्याचं आधीचं वागणं आणि कामाचा साचा, अशा गोष्टी एकत्र बघितल्या जातात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादा माणूस पन्नास जणांशी बोलला तर कुणी वळून बघत नाही. पण पहिल्यांदाच बाजारात आलेला कुणी प्रत्येक पाटीपुढे दोन सेकंद थांबून तेच वाक्य म्हणत पुढे सरकू लागला, तर चौथ्या पाटीवरची बाई शेजारणीला खूण करते.

वहिनीच्या बाबतीत हे सगळंच जुळून आलं. खातं नवं होतं. पाचसात वर्षं रोज वापरात असलेलं खातं अचानक एके दिवशी साठ लोकांना फॉलो करू लागलं तरी बहुतेकदा निभावतं. तीन आठवड्यांच्या खात्याला तेवढी सवलत मिळत नाही. वेग एकसारखा होता. माणूस साधारणपणे एखादं प्रोफाइल उघडतो, दोन फोटो बघतो, एखादा रील पूर्ण पाहतो, मग फॉलो करतो. यादीतून सरळ खाली उतरत गेलेलं बोट मात्र एखाद्या प्रोग्रॅमसारखं दिसतं. आणि कमेंटचा मजकूर अक्षरशः तोच होता. इथे तर कंपनीचा लिखित नियमच आहे: एकच कमेंट पुन्हा पुन्हा टाकली, किंवा एका कमेंटमध्ये पाचपेक्षा जास्त लोकांना टॅग केलं, तर ती कमेंट जाऊ न देण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवलाय. मजकुरात एखादी इमोजी बदलून काम होईल असं लोकांना वाटतं, पण वाक्य तेच असेल तर त्याने फारसा फरक पडलेला मला दिसला नाही.

अनफॉलोही यात धरला जातो, हे बरेच जण विसरतात. शंभर जणांना फॉलो करायचं, दोन दिवसांनी उलट न आलेल्यांना काढून टाकायचं, मग नवे शंभर घ्यायचे, हा खेळ यंत्रणेच्या चांगला ओळखीचा आहे. तुम्हाला ती साफसफाई वाटते, तिला तोच साचा दिसतो.

मोजणी रात्री बाराला कोरी होत असेल असं धरून चालू नका. अकरा पंचावन्नला चाळीस आणि बारा पाचला चाळीस केले तर ते दहा मिनिटांतले ऐंशीच दिसणार. याच कंपनीने बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून पोस्ट टाकणाऱ्यांसाठी जी मर्यादा जाहीर केली आहे ती ‘मागच्या 24 तासांत’ अशीच मोजली जाते. फॉलो-लाइकचं गणित उघड केलेलं नसलं तरी वागणूक तशीच दिसते: आत्तापासून मागे वळून पाहिलं तर काय दिसतं, हा प्रश्न.

पासवर्ड दिलेलं ॲप

आता ती गोष्ट. शुक्रवारी, म्हणजे पंधरा ऑगस्टच्या सुट्टीच्या दिवशी, शेजारच्या मुलाने वहिनीला एक ॲप बसवून दिलं. फॉलोअर वाढवतो, ब्लॉक काढतो, कोण अनफॉलो करून गेलं ते दाखवतो, असं त्यावर लिहिलेलं. त्यात इन्स्टाग्रामचं नाव आणि पासवर्ड टाकायचा होता. तिने टाकला.

अशी ॲपं साधारणपणे तुमच्या नावाने दुसरीकडून लॉगिन होतात आणि तुमच्या खात्यातून अनोळखी लोकांना फॉलो आणि लाइक करत सुटतात. तसंच दुसऱ्यांच्या खात्यांतून तुम्हाला. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर 2018 मध्येच जाहीर केलं होतं की अशा ॲपांतून आलेले लाइक, फॉलो आणि कमेंट ते काढून टाकणार, आणि ज्यांनी पासवर्ड दिलाय त्यांना तो बदलायला सांगणार. म्हणजे ही युक्ती जुनी आहे आणि तिची ओळख पटवण्याचं कामही तितकंच जुनं.

शनिवारी मी पोचलो तेव्हा तिच्या फोनवर दोन नव्या गोष्टी होत्या. एक, अनोळखी ठिकाणाहून लॉगिनचा प्रयत्न झाल्याची सूचना. दुसरी, खात्यावर स्वयंचलित वागणुकीचा संशय असल्याची चौकट. ही दुसरी चौकट दिसली की समजावं की प्रकरण वेगाच्या पलीकडे गेलंय. नुसत्या घाईमुळे लागलेला ब्लॉक थांबलं की सुटतो. ॲपमुळे लागलेला मात्र नुसतं थांबून सुटेल याची खात्री नसते, कारण तुम्ही थांबलात तरी ते ॲप थांबलेलं नसतं. तुम्ही झोपलेले असताना ते तुमच्या नावाने लाइक मारतच असतं.

आधी खात्री करा की हा ब्लॉकच आहे

फोन करणाऱ्यांतल्या निदान एक तृतीयांश लोकांना ब्लॉक नसतोच. म्हणून मी आधी चार प्रश्न विचारतो.

एकाच व्यक्तीला फॉलो होत नाही की सगळ्यांनाच? एकाच व्यक्तीचं असेल तर कदाचित तिनेच तुम्हाला ब्लॉक केलंय. तसंच कमेंटचं: पुष्कळ जण अनोळखी लोकांच्या कमेंट बंद ठेवतात किंवा ठराविक शब्द गाळतात. तुमची कमेंट तुम्हाला दिसते, इतरांना दिसत नाही, असंही होतं. ती त्या माणसाची सेटिंग आहे, तुमच्यावरची कारवाई नाही.

एकच क्रिया अडली की सगळं? ब्लॉक बहुतेकदा क्रियेपुरता असतो. फॉलो अडलं तरी स्टोरी जाते. सगळंच अडलं असेल, फीडसुद्धा ताजी होत नसेल, तर आधी नेट बघा, मग इन्स्टाग्रामच बसलंय का ते बघा. पावसात आमच्याकडे वीज गेली की टॉवरही मान टाकतो, तेव्हा हा प्रश्न चेष्टेचा नाही.

वायफायवर अडतं की मोबाइल डेटावरही? हे एकदाच, फक्त एकदाच तपासा. वायफाय बंद करून एका ओळखीच्या माणसाची पोस्ट लाइक करून बघा. डेटावर जमलं आणि वायफायवर नाही, तर संशय त्या जोडणीवर घ्यावा. हे गेस्टहाउसांत दिसतं: एकाच वायफायवर तीस पाहुणे, त्यांतल्या कुणीतरी काहीतरी उद्योग केलेला. दोन्हीकडे अडलं तर ब्लॉक खात्यावरच आहे, आणि मग सिम बदला, विमान मोड लावा, व्हीपीएन घाला, काही उपयोग नाही. व्हीपीएनने तर उलट होतं. डिचोलीतलं खातं पाच मिनिटांत परदेशात दिसू लागलं की संशयात भरच पडते.

चौथा प्रश्न: ‘Account Status’ मध्ये काय लिहिलंय? प्रोफाइलवर जाऊन वरच्या तीन रेघा दाबा, ‘Settings and activity’ उघडा, खाली ‘Account Status’ शोधा. मजकूर काढला गेलाय का, कुठली सोय वापरता येत नाही, हे तिथे दिसतं. सगळं हिरवं असूनही फॉलो अडलेलं असू शकतं, वहिनीचं शनिवारी तसंच होतं. छोटे ब्लॉक तिथे दरवेळी नोंदले जात नाहीत. पण तिथे लाल काही दिसलं, म्हणजे पोस्ट काढली गेलीय वगैरे, तर तो वेगळा विषय: नियमभंगाची शिक्षा. तिच्याविरुद्ध तिथूनच फेरविचार मागता येतो. फेसबुकवर अशा शिक्षांची पायरीवार यादी 2023 पासून जाहीर आहे, सातव्या ठपक्याला एक दिवस, आठव्याला तीन, नवव्याला सात, दहाव्यापासून तीस. फेसबुकवर पोस्ट टाकण्याच्या बंदीचे हे दिवस लोक इन्स्टाग्रामच्या फॉलो-ब्लॉकला लावतात आणि घोळ होतो. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

किती दिवस

चौकटीत तारीख दिलेली असेल तर प्रश्नच मिटला, तीच धरायची. पण बहुतेकदा तारीख नसते. मग मी जे इतक्या खात्यांवर पाहिलं त्यावरून सांगतो. हा अनुभव आहे, कंपनीचा शब्द नव्हे.

नुसत्या घाईमुळे लागलेला पहिला ब्लॉक, चौकट आल्याबरोबर थांबलात तर, काही तासांत ते एका दिवसात सुटतो. बटण उलटं निळं होतंय पण चौकट अजून आलेली नाही, अशा वेळी थांबलात तर कित्येकदा दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत असतं. चौकट आल्यावर अजून दहावीस वेळा दाबत राहिलात, तर दोनतीन दिवस धरा. आठवड्याभरात दुसऱ्यांदा तेच केलं, किंवा फॉलो, लाइक, कमेंट तिन्ही एकाच संध्याकाळी अडवून घेतलंत, तर आठवडा. आणि बाहेरचं ॲप गुंतलेलं असेल, तर पासवर्ड बदलल्या दिवसापासून आठवडा-दोन आठवडे मोजायचे. महिनाभर अडकलेली खाती मी दोनच पाहिली. दोन्हींचे मालक ब्लॉक सुटला की त्याच दिवशी जुना वेग धरायचे.

तिन्ही क्रिया एकाच वेळी सुटतात असंही नाही. लाइक बहुधा आधी सुटतो, फॉलो सगळ्यात शेवटी. म्हणून लाइक चालू झाला म्हणजे सुटलो असं समजून फॉलोवर तुटून पडू नका. दुसरा ब्लॉक बरेचदा नेमका तिथेच लागतो.

शनिवारी आम्ही काय केलं

पहिलं काम म्हणजे ते ॲप फोनवरून काढलं. पण ॲप काढून पासवर्ड परत येत नाही. तो त्यांच्याकडे गेलेलाच असतो. म्हणून लगेच ‘Settings and activity’ मधून ‘Accounts Center’, तिथून ‘Password and security’, आणि ‘Change password’. पासवर्ड बदलताना इतर सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढायचा पर्याय येतो, त्याची खूण ठेवली. मग त्याच पानावर ‘Where you're logged in’ उघडलं. वहिनीचा स्वतःचा फोन दिसला आणि एक दुसरं उपकरण, जे घरात कुणाकडेच नाही. ते निवडून बाहेर काढलं. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली, कोड तिच्या नंबरवर येईल अशी.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी उपकरण बाहेर काढून मग चहा प्यायला बसलात आणि पासवर्ड तोच राहिला, तर पाच मिनिटांत ते परत आत येतं.

त्यानंतर ‘Settings and activity’ मध्येच ‘Website permissions’ आणि त्यात ‘Apps and websites’. इथे ज्यांना तुम्ही रीतसर परवानगी दिलीय ती नावं असतात. वहिनीच्या यादीत काहीच नव्हतं, आणि त्यावरून तिला वाटलं की ॲपचा संबंध नाही. पण पासवर्ड थेट घेणारी ॲपं या यादीत येतच नाहीत. यादी रिकामी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

मग ‘Your activity’ मध्ये जाऊन लाइक आणि कमेंटची नोंद पाहिली. शुक्रवारी मध्यरात्रीनंतरचे लाइक होते, कुठल्या तरी गाड्यांच्या आणि जिमच्या फोटोंवर. वहिनी हसली, पण घाबरलीही. पंचवीस सारख्या कमेंटपैकी ज्या उरल्या होत्या त्या तिथूनच निवडून काढून टाकल्या. त्याने ब्लॉक लवकर सुटला की नाही ते सांगता येत नाही. पण लोकांनी त्यांवर स्पॅमची तक्रार करत राहणं तरी थांबलं. अनोळखी फॉलो मात्र त्या दिवशी काढले नाहीत. ब्लॉक चालू असताना शंभर अनफॉलो मारणं म्हणजे त्याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने उतरणं. ते पुढे दिवसाला पाचसहा असे काढले.

‘Tell us’ एकदा दाबलं. ते दाबल्याने कुणी माणूस बसून तुमची फाइल उघडतो असं समजू नका, उत्तराची वाट बघू नका आणि पुन्हा पुन्हा दाबू नका.

आणि मग सगळ्यात अवघड भाग: काही न करणं. इन्स्टाग्रामचं ॲप काढून पुन्हा टाकल्याने, लॉगआउट-लॉगिन केल्याने ब्लॉक जात नाही, कारण तो फोनमध्ये नाहीच, खात्यावर आहे. वहिनीच्या फोनवर तिच्या मुलीचं आणि फुगडी पथकाचं अशी आणखी दोन खाती होती. तिथून तीच कमेंट टाकायचा विचार तिने बोलून दाखवला. तो मोडून काढला. एका फोनवरून तीन खाती तोच मजकूर टाकू लागली तर तिन्ही अडकायला वेळ लागत नाही.

तपासायचं असेल तर दिवसातून एकदाच, सकाळी, एका ओळखीच्या माणसावर: एक लाइक. तो टिकला, म्हणजे पान खाली ओढून ताजं केल्यावरही हार्ट लाल राहिलं, तरच सुटला म्हणायचं. नुसतं दाबल्यावर लाल दिसणं पुरेसं नाही, ते फोनने आपल्या बाजूने रंगवलेलं असतं. सर्व्हरने नाकारलं की उतरतं. वहिनीचा लाइक सोमवारी सकाळी टिकला. कमेंट मंगळवारी, तीही "वा, माटोळी सुंदर!" एवढीच, मावशीच्या जुन्या फोटोवर. फॉलो मात्र पुढच्या शनिवारी, म्हणजे पासवर्ड बदलल्याला बरोबर सात दिवस झाले तेव्हा.

सुटल्यानंतरचे दहा दिवस

माझी पद्धत अशी आहे, आणि ती मुद्दाम संथ आहे. पहिले तीन दिवस दिवसाला दहापेक्षा जास्त फॉलो नाहीत, तेही सकाळी चार, दुपारी तीन, रात्री तीन असे विखरून. प्रत्येक वेळी प्रोफाइल उघडायचं, माणूस डिचोली-साखळीच्या पट्ट्यातला आहे का, ऑर्डर देणारा आहे का ते बघायचं. पुढल्या आठवड्यात वीसपर्यंत. नव्या खात्यावर मी पहिले दोनतीन महिने तीसच्या वर जातच नाही. कमेंट हाताने, फोटोत जे दिसतं त्याबद्दल. ऑर्डरीची ओळ स्वतःच्या पोस्टवर आणि बायोमध्ये. कुणाला भाव हवा असेल तर तो विचारतो. बटण एकदा जरी उलटं निळं झालं तर त्या दिवसाचं काम संपलं, चौकटीची वाट बघत बसायचं नाही.

वहिनीला फॉलो परत मिळालं तेव्हा चवथीला चार दिवस होते, आणि तेव्हा तिला त्याची गरजही उरली नव्हती. मधल्या आठवड्यात जे चालू होतं त्यावरच तिने काम केलं: रोज दोन स्टोऱ्या, एक नेवऱ्यांना मुरड घालतानाची आणि एक भरलेल्या डब्यांची, त्यावर गावाचं लोकेशन, आणि आलेल्या प्रत्येक मेसेजला उत्तर. तीच चित्रं व्हॉट्सॲप स्टेटसला. स्टोरी बघणाऱ्यांत तिने त्या गुरुवारी फॉलो केलेले तिघेचौघे होते. ऑर्डरी बहुतेक नात्यातल्यांच्या नात्यातून आल्या. सोमवारी संध्याकाळी तिने ऑर्डर घेणं बंद केलं, कारण तेल संपलं होतं आणि तिला स्वतःच्या घरची माटोळी बांधायची होती.